‘फॅसिलिटेट’च्या मागे काय घडलं होतं? : एका द्राक्ष कंटेनरच्या पत्राचा प्रकरण अभ्यास

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहिलं. फेब्रुवारीत गेलेल्या द्राक्षांच्या कंटेनरमध्ये, २० पॅलेटपैकी दरवाज्याकडच्या दोन पॅलेटमध्ये बुरशी निघाली होती आणि खरेदीदाराने पैसे कापण्याची भाषा सुरू केली होती. पत्र दीड पानाचं, अतिशय औपचारिक, व्याकरणाने निर्दोष. खरेदीदाराचं उत्तर चार ओळींत आलं. त्यातले प्रश्न असे: तापमान किती वाढलं? किती वेळ? तुम्ही नेमकं काय केलं? आणि बुरशी त्यामुळेच आली, असं तुम्ही म्हणताय का?

या चारही गोष्टींवर पत्रात एकेक वाक्य होतं. तरी खरेदीदाराला एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. पॅकहाऊसचे मालक आणि निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारी त्यांची पुतणी ते पत्र घेऊन माझ्याकडे नाशिकला आले तेव्हा मालकांचं म्हणणं एवढंच होतं, “ताई, इंग्रजी अजून भारी करून द्या. त्यांना कळलं नाही.”

मुख्य वाक्य हे होतं. मूळ इंग्रजीच आहे, फक्त लिपी आपली:

“इट इज टू बी नोटेड दॅट इन व्ह्यू ऑफ अ टेम्पररी इंटरप्शन एक्सपीरियन्स्ड ड्यूरिंग इनलँड ट्रान्झिट, अ मार्जिनल एलिव्हेशन ऑफ टेम्परेचर वॉज ऑब्झर्व्ड, अँड नेसेसरी मेझर्स वेअर इम्प्लिमेंटेड टू फॅसिलिटेट रिस्टोरेशन ऑफ द सेम.”

अशी वाक्यं आपल्याकडे कुणी चुकून लिहीत नाही. सरकारी पत्रं, बँकेची पत्रं, वकिलांच्या नोटिसा वाचत आपण मोठे होतो आणि औपचारिक इंग्रजी म्हणजे हेच, असं मनात पक्कं बसतं. त्या पुतणीचं इंग्रजी उत्तम आहे. तिला साधं लिहिता येत नव्हतं असं नाही. साधं लिहिलं तर ते पत्र कंपनीचं वाटणार नाही, ही तिची भीती होती. ती भीती खोटी नव्हती, हे पुढे दिसेलच.

आधी क्रियापदं घेतली. मी तिला म्हटलं, “प्रत्येक क्रियापदापाशी थांब आणि सांग, तू त्या वेळी तिथे उभी असतीस तर तुला डोळ्यांनी काय दिसलं असतं?”

“ऑब्झर्व्ड”वर ती लगेच म्हणाली, “लॉगर दिसला असता.” कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर होता. त्याच्या फाइलमध्ये आत फिरणाऱ्या हवेचं तापमान ०.२ वरून २.६ अंशांवर गेलेलं दिसत होतं. मग “अ मार्जिनल एलिव्हेशन वॉज ऑब्झर्व्ड”च्या जागी सरळ आलं, “द टेम्परेचर रोज फ्रॉम ०.२ टू २.६ डिग्रीज.” इथे “मार्जिनल” हा शब्द नुसता फुगीर नाही, तो वादाला आमंत्रण देणारा आहे. द्राक्षं साधारण शून्य अंशाच्या आसपास पाठवतात. तेव्हा २.४ अंशांचा फरक किरकोळ की मोठा, हे खरेदीदार स्वतः ठरवणार. आकडा दिला की मत देण्याची गरज उरत नाही.

“इंटरप्शन एक्सपीरियन्स्ड”मागे काय होतं? ट्रेलरवर कंटेनरला वीज देणारा जेनसेट कसारा घाटात बंद पडला होता. तीन तास वीस मिनिटं. हे तिला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, ड्रायव्हरने फोन केल्याची वेळसुद्धा मोबाइलमध्ये होती. पत्रात मात्र “इंटरप्शन” कुणी केलं, कशात आलं, किती वेळ होतं, यातलं काहीच नव्हतं. नवं वाक्य: “द जेनसेट स्टॉप्ड इन द कसारा घाट फॉर थ्री अवर्स अँड ट्वेंटी मिनिट्स.” “स्टॉप्ड” हा शब्द पाचवीतलं मूल शिकतं. पण या वाक्यात त्याच्याइतका औपचारिक दुसरा शब्द नाही, कारण त्यातून नेमकी एकच गोष्ट कळते.

“मेझर्स वेअर इम्प्लिमेंटेड टू फॅसिलिटेट रिस्टोरेशन” या तुकड्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. “मेझर्स” म्हणजे काय, असं विचारल्यावर कळलं, की ट्रान्सपोर्टरने दुसरा जेनसेट आणून बसवला. म्हणजे काम पॅकहाऊसने केलंच नव्हतं. मूळ वाक्य कर्त्याशिवाय लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला वाटत होतं, की पॅकहाऊसने काहीतरी केलं. वाक्य झालं, “द ट्रान्सपोर्टर रिप्लेस्ड द जेनसेट.” पाच शब्द. आणि जबाबदारी कुणाची, तेही आपोआप स्पष्ट झालं.

“फॅसिलिटेट” पत्रात आणखी दोन ठिकाणी होतं आणि तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा होता. म्हणूनच हा बदल शब्दकोश उघडून करता येत नाही. “फॅसिलिटेट”साठी “हेल्प” लिहा असं कुठेही सापडेल, पण “वी फॅसिलिटेटेड द सर्व्हे”मध्ये पॅकहाऊसने मदत केली नव्हती. खराब मालाची तपासणी करणारा रॉटरडॅममधला सर्व्हेअर त्यांनीच नेमला होता आणि त्याची फी भरली होती. तिथे योग्य शब्द “अपॉइंटेड”. दुसऱ्या ठिकाणी, “टू फॅसिलिटेट युवर व्हेरिफिकेशन, द डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड” या वाक्यात ते क्रियापद निव्वळ सजावट होती. तिथे “वी अटॅच द लॉगर फाइल अँड द सर्व्हे रिपोर्ट” एवढं पुरलं. एका फुगीर क्रियापदाच्या जागी तीन वेगळी साधी क्रियापदं आली किंवा काहीच आलं नाही, तर बदल बरोबर झाला असं समजावं. सगळीकडे एकच पर्याय टाकलेला दिसला, तर कुणी तरी फाइंड-रिप्लेस केलंय.

“अ‍ॅड्रेस” हा दुसरा फसवा शब्द. पत्रात होतं, “द मॅटर हॅज बीन ड्यूली अ‍ॅड्रेस्ड विथ द ट्रान्सपोर्टर.” याचा अर्थ मिटलं? बोलणं झालं? दंड केला? विचारल्यावर कळलं, की जेनसेटची चालण्याची नोंद मागणारा मेल ट्रान्सपोर्टरला पाठवला आहे आणि उत्तर यायचं आहे. “अ‍ॅड्रेस्ड” वाचून खरेदीदाराला काम संपलं असं वाटलं असतं, आणि नोंद आलीच नसती तर पॅकहाऊस खोटं बोललं असा अर्थ निघाला असता. आता वाक्य आहे, “वी हॅव आस्क्ड द ट्रान्सपोर्टर फॉर द जेनसेट रेकॉर्ड अँड विल सेंड इट टू यू व्हेन वी रिसीव्ह इट.” काम अर्धवट आहे हे कबूल करणारं वाक्य मालकांना आधी रुचलं नाही. पण प्रत्यक्षातही ते अर्धवटच होतं, त्यामुळे तेच वाक्य राहिलं.

“एन्श्युअर”बद्दल मात्र मी अडून बसले. शेवटच्या परिच्छेदात होतं, “वी शॅल एन्श्युअर दॅट सच इन्सिडन्सेस डू नॉट रिकर.” आपल्याकडे हे वाक्य निरोपाच्या नमस्कारासारखं लिहिलं जातं. व्यापारी पत्रात मात्र ती हमी ठरते. पुढच्या हंगामात दुसऱ्या ट्रेलरचा जेनसेट बंद पडला, तर खरेदीदार हे वाक्य काढून समोर ठेवू शकतो. जेनसेट कधीच बंद पडणार नाही, याची हमी कुणीही देऊ शकत नाही. मग पॅकहाऊस खरोखर काय करू शकतं? गेटवरून ट्रेलर सुटण्यापूर्वी जेनसेटचं डिझेल आणि चालण्याची नोंद तपासू शकतं. तेच लिहिलं: “बिफोर ईच कंटेनर लीव्ह्ज, वी विल चेक द फ्युएल अँड द रनिंग रेकॉर्ड ऑफ द जेनसेट.” वचन आधीपेक्षा छोटं झालं, पण आता ते पाळता येण्यासारखं होतं.

प्रीकूलिंगच्या वाक्यालाही हीच कसोटी लावली. “प्रॉपर प्रीकूलिंग वॉज अंडरटेकन”मधलं “अंडरटेकन” फक्त काम झालं एवढं सांगतं. नोंदवहीत होतं, की पॅकिंगनंतर सहा तासांत द्राक्षं चार अंशांच्या खाली आणली आणि लोडिंगपर्यंत शून्य ते एक अंशावर ठेवली. म्हणून, “वी कूल्ड द ग्रेप्स टू बिलो फोर डिग्रीज विदिन सिक्स अवर्स ऑफ पॅकिंग अँड केप्ट देम अ‍ॅट झिरो टू वन डिग्री अंटिल लोडिंग.” हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा बरंच लांब आहे. साधं म्हणजे आखूड असं नसतं. फुगीर शब्द काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत माहिती बसली, म्हणून ते लांबलं.

इथवर येऊन ती घरी गेली आणि उरलेलं पत्र तिने स्वतः साधं करून पाठवलं. ते वाचून मालक म्हणाले, “हे तर व्हॉट्सअ‍ॅपसारखं झालं.” त्यांचं बरोबर होतं. तिने लिहिलं होतं: “वी फाउंड आउट दॅट द जेनसेट हॅड कन्क्ड आउट. सो वी गॉट इन टच विथ द ट्रान्सपोर्टर. वी’आर लुकिंग इनटू इट अँड वी’आर रिअली सॉरी.”

फुगीर शब्द काढताना पुष्कळजण थेट बोलीच्या इंग्रजीत उतरतात, कारण मधली पायरी कुणी दाखवलेली नसते. ती पायरी म्हणजे एकाच शब्दाचं नेमकं क्रियापद. “फाउंड आउट”साठी “अ‍ॅसर्टेन्ड”कडे परत जायची गरज नाही, “लर्न्ड” आहे. लॉगर पाहून कळलं असेल तर “फाउंड” आहे आणि कारण ठरवलं असेल तर “डिटरमिन्ड” आहे. “लुकिंग इनटू”साठी “एक्झॅमिनिंग”. “गॉट इन टच”साठी, फोन केला असेल तर “टेलिफोन्ड” आणि मेल केला असेल तर “रोट टू”. इथे मेल होता. “रिअली सॉरी”च्या जागी “वी रिग्रेट” आलं. जोडरूपं सगळी सुटी केली: “वी’आर” नाही, “वी आर”. वाक्याच्या सुरुवातीचा “सो” गेला. त्याच्या जागी “देअरफोर” आलं नाही, कारण दोन वाक्यं क्रमानेच कळत होती.

औपचारिकता टिकवायला एवढं पुरतं. संबोधनात आडनाव, पूर्ण रूपं, दोन-तीन शब्दी बोलकी क्रियापदं नाहीत, भावना दाखवणारी विशेषणं नाहीत, तारखा आणि आकडे पूर्ण. लांब शब्दांनी औपचारिकता येत नाही. “द जेनसेट स्टॉप्ड” आणि “द जेनसेट कन्क्ड आउट” दोन्ही साधीच वाक्यं आहेत, पण त्यातलं एकच पत्रात शोभतं, आणि शोभण्याचा शब्दाच्या लांबीशी काही संबंध नाही.

आपल्या इंग्रजीत दोन सवयी अशा आहेत, ज्या बाहेरच्या वाचकाला अडखळवतात. “ऑफ द सेम” आणि “द सेम” हे आपण सर्वनामासारखे वापरतो. तिथे “इट” लिहायचं, किंवा वस्तूचं नाव. दुसरी, “काइंडली रिव्हर्ट”. भारतात याचा अर्थ उत्तर द्या. भारताबाहेर बहुतेक ठिकाणी “रिव्हर्ट” म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. “प्लीज रिप्लाय” पूर्ण औपचारिक आहे. “डू द नीडफुल” मी काढायला लावलंच, पण त्याआधी विचारलं, “नीडफुल म्हणजे त्यांनी नेमकं काय करायचं?” उत्तर होतं, दोन पॅलेटचे फोटो लेबलसकट पाठवायचे. तेच लिहिलं.

आता जोडशब्द. मला या पत्रात सगळ्यात धोकादायक वाटला तो सुरुवातीचा “इन व्ह्यू ऑफ”. लांब क्रियापद माहिती लपवतं. लांब जोडशब्द दोन गोष्टींमधलं नातं लपवतो, आणि व्यापारात त्या नात्याला पैशाची किंमत असते.

पुढे एका वाक्यात होतं, “इन व्ह्यू ऑफ द अफोरमेन्शन्ड टेम्परेचर डेव्हिएशन, द प्रेझेन्स ऑफ मोल्ड वॉज नोटेड.” मी तिला विचारलं, “तुला ‘बिकॉज’ म्हणायचंय, की ‘आफ्टर’?” ती गप्प झाली. मालकही. “बिकॉज” लिहिलं, तर बुरशी तापमान वाढल्यामुळे आली हे पॅकहाऊस मान्य करतं. मग पूर्ण क्लेम अंगावर. “आफ्टर” लिहिलं, तर फक्त क्रम सांगितला. खरं काय होतं? लॉगरने सगळ्या हवेचं तापमान दाखवलं होतं, बुरशी मात्र फक्त दोन पॅलेटमध्ये होती, आणि त्या पॅलेटमधल्या काही पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारा ग्रेप गार्डचा कागद दुमडलेला सर्व्हेअरला आढळला होता. कारण अहवालात ठरवलेलं नव्हतं. म्हणजे प्रामाणिकपणे लिहायचं तर “बिकॉज” चालणार नाही. “आफ्टर”सुद्धा पुरेसं नाही, कारण वाचणारा क्रमातून कारण काढतोच. शेवटी दोन स्वतंत्र वाक्यं केली आणि तिसरं जोडलं: “द सर्व्हे रिपोर्ट डझ नॉट स्टेट द कॉज.”

“इन व्ह्यू ऑफ” एवढा लोकप्रिय का आहे, हे अशा वेळी कळतं. लिहिणाऱ्यालाच नातं ठरवायचं नसतं, तेव्हा तो हात देतो. साधा जोडशब्द मागितला की निर्णय घ्यावा लागतो.

“ड्यू टू द फॅक्ट दॅट”ला “बिकॉज” हा बदल मात्र निर्धोक. “डिस्पाइट द फॅक्ट दॅट”ला “ऑल्दो”. “प्रायर टू”ला “बिफोर”. यांत फार विचार करायला लागत नाही. पण तीन सापळे आहेत आणि तिन्ही या पत्रात होते.

पहिला “सिन्स”. “बिकॉज”ऐवजी तो पुष्कळांना बरा वाटतो. तारखा आणि वेळांनी भरलेल्या पत्रात “सिन्स द जेनसेट स्टॉप्ड” याचा अर्थ “बंद पडल्यामुळे” आणि “बंद पडल्यापासून” दोन्ही होतो. अशा पत्रात कारण सांगायचं तर “बिकॉज”च.

दुसरा, “सबसिक्वेंट टू” आणि “कॉन्सिक्वेंट अपॉन”. दोन्ही वजनदार, कानाला जवळजवळ सारखे, आणि आपल्याकडच्या पत्रांत एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पहिल्याचा अर्थ “नंतर”, दुसऱ्याचा “परिणामी”. साधे करताना “सबसिक्वेंट टू”चं “आफ्टर” होतं, “कॉन्सिक्वेंट अपॉन”चं “बिकॉज ऑफ” किंवा “अ‍ॅज अ रिझल्ट ऑफ”. पण आधी लेखकाला विचारावं लागतं, की त्याला दोनांपैकी कुठलं म्हणायचं होतं. या पत्रात “कॉन्सिक्वेंट अपॉन लोडिंग” होतं. लोडिंगमुळे काही झालं नव्हतं, लोडिंगनंतर झालं होतं.

तिसरा “इन केस”. “इन द इव्हेंट दॅट यू एन्काउंटर मोल्ड इन अदर पॅलेट्स, प्लीज सेग्रिगेट देम” हे वाक्य तिने साधं करताना लिहिलं, “प्लीज सेपरेट द पॅलेट्स इन केस यू फाइंड मोल्ड.” प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत “इन केस” म्हणजे खबरदारी म्हणून, आधीच. छत्री घेऊन जा, पाऊस आलाच तर असावी, असा तो अर्थ. म्हणजे वाक्याचा अर्थ निघाला, की बुरशी सापडायच्या आधीच सगळ्या पॅलेट वेगळ्या करा. कोल्ड स्टोअरमध्ये ते काम बरंच मोठं आहे आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा, हा नवा वाद. तिथे हवं होतं “इफ यू फाइंड मोल्ड”. “इफ” पुरेसा औपचारिक वाटत नसेल, तर “शुड यू फाइंड मोल्ड” चालतं. तेही तेवढंच नेमकं आहे.

सगळंच साधं करायचं नव्हतं. दोन जागी वकिलांचं म्हणणं ऐकलं. तडजोडीच्या परिच्छेदात पॅकहाऊस दोन पॅलेटच्या किमतीत सूट द्यायला तयार होतं, आणि त्या परिच्छेदावर “विदाउट प्रेज्युडिस” राहिलं. वाद मिटवण्यासाठी केलेला प्रस्ताव पुढे कबुली म्हणून वापरला जाऊ नये, यासाठी ती संज्ञा वापरतात. तिच्या जागी सोपं वाक्य टाकलं, तर तोच कायदेशीर अर्थ पोहोचेल याची खात्री नाही. मात्र घटनेचं वर्णन वेगळ्या पत्रात आणि तडजोड वेगळ्या पत्रात, असे दोन भाग केले, म्हणजे संज्ञा जिथे लागू आहे तिथेच राहील. दुसरी जागा करारातल्या कलमाच्या उताऱ्याची. त्यात “नॉटविथस्टँडिंग” होतं. कराराचे शब्द जसेच्या तसे उद्धृत करायचे. साधं करायचंच तर नवा करार करताना, दोन्ही बाजूंच्या संमतीने.

काढलेल्या शब्दांत मी एकच परत ठेवायला सांगितला. “वी रिग्रेट” आधी मालकांना नको होतं, कारण त्याने चूक मान्य होईल असं त्यांना वाटत होतं. “वी रिग्रेट द कंडिशन ऑफ द टू पॅलेट्स” म्हणजे माल असा पोहोचला याचं वाईट वाटतं. “वी अपॉलोजाइज फॉर” म्हणजे आमच्यामुळे झालं. इथे हा फरक महत्त्वाचा होता, आणि मालकांना तो पटला.

दोन्ही पत्रं मिळून साधारण एका पानाची झाली. खरेदीदाराने पुढच्या मेलमध्ये एकच गोष्ट मागितली: जेनसेटची नोंद आली का? ती दोन दिवसांनी ट्रान्सपोर्टरकडून आली आणि पुढे पाठवली. तडजोड दोन पॅलेटपुरती झाली, पूर्ण कंटेनरची नाही. त्यातला किती वाटा पत्राचा आणि किती सर्व्हेअरच्या अहवालाचा, हे मी सांगणार नाही. ग्रेप गार्डचा दुमडलेला कागद त्या अहवालात नसता, तर कितीही चांगल्या इंग्रजीने काम झालं नसतं.

पुतणीने आता पॅकहाऊसच्या गेटवर लोडिंगच्या फॉर्ममध्ये डिझेल आणि जेनसेटच्या नोंदीचा रकाना घातला आहे. पत्रात “वी विल चेक” असं लिहिलं आहे, म्हणून कुणी तपासलं त्याची सहीही तिथे घेतली जाते.